डीसीआयएस: पेशी नलिकेच्या आत आहेत, मग उपचार किती करायचे?

प्रश्न: माझं वय ५६. नेहमीच्या मॅमोग्राफीत डाव्या स्तनात चुन्याचे बारीक कण दिसले, बायोप्सी झाली आणि रिपोर्टमध्ये ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू, इंटरमीडिएट ग्रेड’ असं आलं. डॉक्टर म्हणाले, हा नॉन-इन्व्हेजिव्ह आहे, स्टेज झिरो, घाबरू नका. आणि लगेच पुढे म्हणाले, स्तन काढून टाकलेला बरा. वाचनात आलं की यावर गरजेपेक्षा जास्त उपचार होतात, नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. मग हा कॅन्सर आहे की नाही? आणि मी काहीच न करता थांबले तर?

उत्तर:

मी गेली बरीच वर्षं स्तनाच्या शस्त्रक्रिया करते आहे. असा रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या बाईला मी आधी पॅथॉलॉजिस्टच्या खोलीत नेते आणि सूक्ष्मदर्शकातून तिचीच स्लाइड दाखवते. तुम्हाला तसं नेता येणार नाही, म्हणून तिथे काय दिसतं ते सांगते.

दुग्धनलिका आडवी कापली की बांगडीसारखी दिसते. बांगडीच्या आत पेशींचा एक थर असतो आणि त्याला बाहेरून वेढणारा दुसऱ्या पेशींचा पातळ थर. या बाहेरच्या पेशी स्नायूंसारख्या आकसतात आणि दूध पुढे ढकलतात. त्यांच्याही बाहेर एक अगदी तलम पडदा असतो, त्याला बेसमेंट मेंब्रेन म्हणतात. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या या पडद्याच्या पलीकडे असतात. नलिकेच्या आत एकही नसते.

डक्टल कार्सिनोमा इन सिटू, म्हणजेच डीसीआयएसमध्ये, आतल्या थरातल्या पेशी बेसुमार वाढून नलिकेची पोकळी भरून टाकतात. एकेक पेशी पाहिली तर ती कॅन्सरच्या पेशीसारखीच दिसते, तिच्या जनुकांतले बदलही पुष्कळदा तसेच असतात. पण बांगडीची कड शाबूत असते. पी-६३ नावाची रंगचाचणी केली की बाहेरच्या थरातल्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात आणि प्रत्येक नलिकेभोवती तपकिरी मण्यांची माळ दिसते. पेशी बाहेर पडून आजूबाजूच्या ऊतीत शिरल्या असतील तर त्या घोळक्यांभोवती ही माळ नसते. नॉन-इन्व्हेजिव्ह या शब्दाचा सगळा आधार हा आहे. पेशी पडद्याच्या आत आहेत, रक्तापर्यंत किंवा लसिकेपर्यंत जायला त्यांना वाट नाही, म्हणून त्या काखेत, हाडांत किंवा फुफ्फुसात जाऊ शकत नाहीत. शुद्ध डीसीआयएसला केमोथेरपी देत नाहीत ती याचमुळे.

मॅमोग्राफीतले चुन्याचे कण कुठून आले तेही यातूनच कळतं. नलिकेत रक्तवाहिनी नसल्यामुळे मधल्या पेशींना प्राणवायू बाहेरून झिरपत आला तरच मिळतो. वाढ जोरात असली की मधल्या पेशी गुदमरून मरतात. या मेलेल्या पेशींच्या चुऱ्याला नेक्रोसिस म्हणतात आणि त्यावर कॅल्शियम साचतं. हाय ग्रेडमध्ये, म्हणजे पेशी जास्त विद्रूप दिसतात आणि वेगाने वाढतात त्या प्रकारात, हे कण बऱ्याचदा नलिकेच्या साच्यात ओतल्यासारखे, रेघांचे आणि फाटे फुटलेले दिसतात. लो ग्रेडमध्ये ते बहुधा बारीक आणि पुंजक्यात असतात. हाताला सहसा काहीच लागत नाही. मॅमोग्राफी सर्रास होऊ लागण्याआधी डीसीआयएस क्वचितच सापडायचा. आता जिथे नियमित तपासणी होते तिथे सापडणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण पाचात एक हा असतो.

आता ज्या शब्दावरून गोंधळ होतो त्याकडे येते. ‘नॉन-इन्व्हेजिव्ह’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पेशी आज कुठे आहेत एवढंच तो शब्द सांगतो; पुढे त्या काय करतील हे सांगत नाही. आणि ‘कुठे आहेत’ हेसुद्धा फक्त तपासलेल्या तुकड्यापुरतं खरं असतं. बायोप्सीत सुईने काही बारीक तुकडे काढतात, बाकीचा भाग स्तनातच राहतो. साध्या जाड सुईच्या बायोप्सीत फक्त डीसीआयएस निघालेल्या स्त्रियांचं ऑपरेशन केलं, तर साधारण चौघींत एकीच्या काढलेल्या भागात कुठेतरी पडदा ओलांडलेला कॅन्सरही सापडतो. व्हॅक्यूमच्या सुईने जास्त ऊती निघते, तिथे हे प्रमाण कमी असतं, पण शून्य नसतं. माझ्याच एका पेशंटच्या बायोप्सीत निखळ डीसीआयएस होता आणि ऑपरेशनमध्ये त्याच्याच कडेला ६ मिलिमीटरचा इन्व्हेजिव्ह कॅन्सर निघाला. बायोप्सी चुकली नव्हती. सुई तिथे पोचलीच नव्हती.

मग पडद्याच्या आतल्या पेशी वर्षानुवर्षं तशाच राहिल्या तर काय होतं? हे पाहणं अवघड आहे, कारण निदान झालं की आपण त्या काढून टाकतो. एक जुना अभ्यास मात्र योगायोगाने घडला. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत काही स्त्रियांच्या स्तनातला भाग तपासून ‘साधं आहे’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं. पुढे नॅशव्हिलच्या पॅथॉलॉजिस्टनी त्या जुन्या स्लाइड पुन्हा पाहिल्या, तेव्हा त्यांतल्या २८ जणींना लो ग्रेड डीसीआयएस होता असं निघालं. बायोप्सीपलीकडे त्यांच्यावर काहीच उपचार झाले नव्हते. त्यांच्यापैकी ११ जणींना पुढे इन्व्हेजिव्ह कॅन्सर झाला, तोही त्याच स्तनात आणि त्याच भागात. सात जणींना पहिल्या दहा वर्षांत, बाकीच्यांना त्यानंतर, काहींना तर दोन-तीन दशकं उलटल्यावर. मी हा अभ्यास पुन्हा पुन्हा वाचते, कारण दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यात आहे. २८ मधल्या १७ जणींना काहीच झालं नाही, म्हणजे त्यांच्यावरचा कोणताही उपचार वाया गेला असता. आणि ११ जणींना झाला, तोही सगळ्यात सौम्य समजल्या जाणाऱ्या प्रकारातून. त्या २८ जणींत कोण कुठल्या गटात जाणार हे स्लाइड पाहून आजही खात्रीने सांगता येत नाही. सगळा वाद यावर उभा आहे.

जास्त उपचार होतात हे म्हणणं मात्र पोकळ नाही. २०१५ साली कॅनडातल्या एका गटाने अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक डीसीआयएसच्या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. निदानानंतर २० वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे ३.३ टक्के होतं. फार कमी वयात निदान झालेल्यांत ते बरंच जास्त होतं. ऑपरेशननंतर रेडिएशन दिल्याने त्याच स्तनात पुन्हा होण्याचं प्रमाण घटलं, पण मृत्यूचं घटलं नाही. त्याआधी २०१०च्या सुमारास चार मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या, त्यातही हेच दिसलं: दहा वर्षांत त्याच स्तनात पुन्हा होणं रेडिएशनशिवाय सुमारे २८ टक्के, रेडिएशनसह सुमारे १३ टक्के, आणि मृत्यूंत फरक नाही. पुन्हा होणाऱ्यांत साधारण निम्मे वेळा तो परत डीसीआयएसच असतो आणि निम्मे वेळा इन्व्हेजिव्ह.

यावरून काही जाणकारांनी नावच बदला असं म्हटलं, ‘कार्सिनोमा’ हा शब्द काढून टाका म्हणाले. लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू नावाच्या शेजारच्या प्रकाराचं पुढे तसंच काहीसं झालं, कॅन्सरच्या स्टेजच्या यादीतून तो वगळला गेला. डीसीआयएस अजून यादीत आहे, आणि माझ्या मते तो तिथे असणं बरोबर आहे. कारण या एका नावाखाली फार वेगवेगळे आजार बसवलेत. नेक्रोसिस असलेला, पाच सेंटिमीटर पसरलेला हाय ग्रेड डीसीआयएस आणि ८ मिलिमीटरचा लो ग्रेड पुंजका यांना एकच नाव आहे. पहिल्याला नुसतं लक्ष ठेवू म्हणणं धोक्याचं, दुसऱ्यासाठी स्तन काढणं अतिरेकाचं.

‘नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं’ हे तुम्ही वाचलंत ते बहुधा कॉमेट नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीवरून आलं असेल. तिचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. वय ४० किंवा अधिक, लो किंवा इंटरमीडिएट ग्रेड, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे ज्यांच्या पेशी हार्मोनच्या जोरावर वाढतात, अशा ९५७ स्त्रिया तिच्यात होत्या. अर्ध्या जणींना नेहमीसारखं ऑपरेशन सुचवलं, अर्ध्या जणींवर दर सहा महिन्यांच्या मॅमोग्राफीने लक्ष ठेवलं. दोन वर्षांत त्याच स्तनात इन्व्हेजिव्ह कॅन्सर सापडण्याचं प्रमाण ऑपरेशनच्या गटात ५.९ टक्के आणि लक्ष ठेवण्याच्या गटात ४.२ टक्के होतं. बातम्यांत एवढंच आलं, म्हणून पुढचं थोडं सावकाश वाचा. ऑपरेशनच्या गटात आकडा मोठा दिसतो, कारण आधीपासून लपलेला कॅन्सर ऑपरेशनमध्येच उघड होतो. लक्ष ठेवण्याच्या गटात तो भाग कुणी काढलेलाच नाही, त्यामुळे तिथला लपलेला कॅन्सर वाढून मॅमोग्राफीत दिसेपर्यंत मोजलाच जाणार नाही. शिवाय त्या गटातल्या दहातल्या सुमारे सात जणी हार्मोनविरोधी गोळ्या घेत होत्या. म्हणजे ‘काहीच न करणं’ यात नव्हतं. आणि दोन वर्षं या आजाराच्या मानाने फार थोडी आहेत. वरच्या २८ जणींत दशकांनंतर झालेले कॅन्सरही होते. या चाचणीने एक खात्री नक्की दिली: नीट निवडलेल्या बाईने ऑपरेशनची घाई केली नाही तर पहिल्या दोन वर्षांत तिचं नुकसान होत नाही. दहा वर्षांचं उत्तर तिच्यात अजून नाही.

आता तुमच्यासारख्याच एका बाईची हकिगत सांगते. वय ५७. कण ११ मिलिमीटरच्या टापूत, इंटरमीडिएट ग्रेड, इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह. आधी जिथे दाखवलं तिथे त्यांना स्तन काढायला सांगितलं होतं आणि ऑपरेशनची तारीखही दिली होती. आम्ही सुरुवात ऑपरेशनने केली नाही. आधी भिंगाची मॅमोग्राफी केली, म्हणजे तोच भाग मोठा करून काढलेले फोटो, कारण साध्या फोटोत कणांचा पसारा कमी दिसू शकतो. पसारा १२ मिलिमीटरच्या आसपासच राहिला. मग स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवल्या. हे मी नेहमी करते, कारण लो ग्रेड डीसीआयएस आणि त्याच्या अलीकडची ‘अटिपिकल हायपरप्लेशिया’ नावाची अवस्था यांच्यातली रेघ फार बारीक आहे. बदल दोन मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, अशा मोजमापावर नाव ठरतं आणि दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचं यावर मत वेगळं पडू शकतं. त्यांच्या बाबतीत दोघांचं एकमत झालं: डीसीआयएस, इंटरमीडिएट, नेक्रोसिस नाही.

लक्ष ठेवण्याचा पर्याय मी त्यांच्यापुढे मांडला. त्या म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी श्वास रोखून बसणं मला जमणार नाही. तेही खरं कारण आहे, मी ते मनापासून मान्य केलं. मग फक्त तेवढा भाग काढायचं ठरलं, म्हणजे लम्पेक्टॉमी. हाताला गाठ लागत नसल्यामुळे ऑपरेशनच्या आधी रेडिओलॉजिस्टने मॅमोग्राफीच्या मदतीने त्या जागी बारीक तार बसवली. काढलेल्या तुकड्याचा टेबलावरच एक्स-रे घेतला. सगळे कण आणि बायोप्सीच्या वेळी ठेवलेली धातूची खूण त्यात आहेत हे पाहिलं, मगच जखम शिवली. काखेला हात लावला नाही. पेशी पडद्याच्या आत असतील तर काखेतल्या गाठी काढून काही मिळत नाही, उलट हाताला सूज येण्याचा धोका ओढवून घेतला जातो.

रिपोर्ट आला: १३ मिलिमीटर, इन्व्हेजिव्ह काही नाही, पण एका बाजूला डीसीआयएस काढलेल्या तुकड्याच्या कडेपासून १ मिलिमीटरवर. निरोगी कड किमान २ मिलिमीटरची असावी असा संकेत आहे. कारण डीसीआयएस नलिकेतून सलग पसरत असला तरी मध्ये काही मिलिमीटरची मोकळी जागा सोडूनही पुढे सापडतो. कड अरुंद असेल तर मागे काही राहिल्याची शक्यता वाढते. म्हणून त्या बाजूची थोडी ऊती पुन्हा काढली, तिच्यात ३ मिलिमीटरचा तुकडा निघालाच, आणि त्यापुढची कड मात्र मोकळी आली. दुसऱ्या ऑपरेशनचा त्यांना मनस्ताप झाला. पहिल्या दिवशीच हे घडू शकतं असं सांगितलं होतं, म्हणून विश्वास तुटला नाही.

रेडिएशनवर आम्ही तासभर बोललो. त्यांच्यासारख्याच गटाची, म्हणजे लो किंवा इंटरमीडिएट ग्रेड, अडीच सेंटिमीटरच्या आत आणि कड मोकळी, अशी एक अमेरिकन चाचणी आहे. तिच्यात १५ वर्षांत त्याच स्तनात पुन्हा होण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय सुमारे १५ टक्के आणि रेडिएशनसह ७ टक्के होतं. मी ते असं मांडलं: तुमच्यासारख्या १०० जणींनी रेडिएशन घेतलं तर १५ वर्षांत आठ जणींचा त्रास टळतो, सात जणींना तरीही होतो आणि ८५ जणींना ते नसतं घेतलं तरी काही झालं नसतं, जीव वाचण्यात फरक दिसलेला नाही. त्यांनी रेडिएशन नको म्हटलं आणि टॅमॉक्सिफेन हे हार्मोनविरोधी औषध कमी मात्रेत, रोज ५ मिलिग्रॅम, तीन वर्षं घेतलं. नेहमीची मात्रा २० मिलिग्रॅमची असते. कमी मात्रेनेही पुन्हा होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो हे इटलीतल्या एका चाचणीत २०१९ साली दिसलं, आणि त्रास बराच कमी होतो. तेच आकडे पाहून त्यांच्या जागी दुसरी कुणी रेडिएशन घेईल, आणि तिचंही बरोबरच असेल.

स्तन काढायची गरज कधी पडते, तर पसारा इतका मोठा असतो की तेवढं काढल्यावर स्तनाला आकारच उरणार नाही, किंवा दोन-तीनदा काढूनही कड मोकळी येत नाही, किंवा छातीला आधी रेडिएशन झालेलं असतं. अशा वेळी काखेतली पहिली गाठ, सेंटिनल नोड, त्याच ऑपरेशनमध्ये तपासतात, कारण आत लपलेला कॅन्सर निघाला तर स्तन गेल्यावर ती गाठ शोधता येत नाही. लहान पसाऱ्याच्या इंटरमीडिएट ग्रेडला स्तन काढून आयुष्य वाढतं याला आधार नाही. घाबरून दुसरा निरोगी स्तनही काढण्याला तर त्याहून नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका बाईचा स्तन ७ मिलिमीटरच्या लो ग्रेड डीसीआयएससाठी काढला, तेव्हा तसंच करायची पद्धत होती. ती बाई दरवर्षी तपासणीला येते, तब्येत उत्तम आहे. तिला पाहिलं की मला ते ऑपरेशन आठवतं आणि वाईट वाटतं.

तुमच्या रिपोर्टबद्दल तुम्ही दिलेल्या माहितीत काही गोष्टी नाहीत, त्या विचारून घ्या. कणांचा पसारा किती मिलिमीटर आहे आणि भिंगाची मॅमोग्राफी झाली का? नेक्रोसिस आहे का? इस्ट्रोजेन रिसेप्टर तपासलाय का? बायोप्सी साध्या सुईने झाली की व्हॅक्यूमच्या, आणि तुकड्यांत चुन्याचे कण आल्याचं एक्स-रेवर पाहिलं होतं का? कण तुकड्यांत आलेच नसतील तर तो रिपोर्ट मॅमोग्राफीत दिसलेल्या जागेबद्दल बोलतोय याची खात्री धरता येत नाही.

यात हाय ग्रेड, नेक्रोसिस, गाठ किंवा स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव असं काही निघालं तर लक्ष ठेवण्याचा विचार सोडा आणि तो भाग काढून घ्या. काहीच निघालं नाही, पसारा लहान असला आणि रिसेप्टर पॉझिटिव्ह असला, तर थांबण्याचा पर्याय तुमच्यासाठी खरोखर खुला आहे. पण तो डॉक्टरांबरोबर आधी ठरवून घ्या: दर सहा महिन्यांनी त्या स्तनाची मॅमोग्राफी, गोळी घ्यायची की नाही, आणि काय दिसलं तर ऑपरेशन करायचं हे लिहून ठेवलेलं. कणांचा टापू वाढला, नवी गाठ दिसली, किंवा कणांचं रूप बदललं की पुन्हा बायोप्सी. घरी बसून वाट पाहणं म्हणजे देखरेख नव्हे.

आणि घाई नाही. या पेशी नलिकेत बहुधा वर्षानुवर्षं आहेत, तीन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. ऑपरेशनची तारीख दिली असेल तर ती पुढे ढकला, लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि तुकडे ज्यात जपलेत ते मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या (नुसत्या रिपोर्टच्या कागदावर दुसरं मत देता येत नाही), आणि स्तनाच्याच स्लाइड रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे न्या.